सासूबाई कितव्या पायरीवर?

*बाई, नमस्कार. मी टीईटीचा अभ्यास करतेय. कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या पाठ केल्या आणि घरातल्या प्रत्येकाला पायरीवर बसवून बघायची वाईट सवय लागली. गेल्या आठवड्यात आमच्या बेदाण्याच्या विक्रीची पट्टी आली. अडत्याच्या दिवाणजीने चुकून दोन बॉक्स जास्त धरलेत. म्हणजे तीस किलो, १८० च्या भावाने ५,४०० रुपये. रात्री जेवताना विषय निघाला. धाकटा नऊ वर्षांचा, तो म्हणाला, "परत द्या, नाहीतर पोलीस बाबांना धरतील." थोरली सतराची. ती म्हणाली, "दर सौद्याला आपल्या मालाच्या वजनातनं तूट कापतात तेव्हा कोण परत देतं? बरोबर-चूक असं काही नसतंच, ज्याच्या हातात काटा त्याचा नियम." हे म्हणाले, "हिशेब म्हणजे हिशेब. सगळेच असं करायला लागले तर बाजार चालेल का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "मालकाला सांगू नका, त्या दिवाणजीच्या पगारातनं कापतील. लेकुरवाळा माणूस आहे, त्याच्याच हातात गुपचूप द्या." पुस्तकाप्रमाणे हे चौथ्या पायरीवर, सासूबाई तिसऱ्या, आणि मुलगी तर दुसरीवर घसरलेली. दहावीपर्यंत ती अशी नव्हती. सत्तरीच्या बाईची नैतिक वाढ खरंच शाळकरी पोरीएवढीच असते का? आणि मुलीचं काय करू? पैसे अजून खात्यातच आहेत.*
*— एक वाचक, तासगाव तालुका*

ताई,

परीक्षेत प्रश्न आला तर तीन स्तर, सहा अवस्था असं मुकाट्याने लिहा आणि गुण घ्या. पण त्या तक्त्यावर घरच्यांना बसवण्याआधी तो तक्ता कसा तयार झाला ते ऐका, कारण गाईडमध्ये नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्गने १९५८ साली शिकागो विद्यापीठात पीएचडी केली. शिकागो परिसरातले दहा, तेरा आणि सोळा वर्षांचे ७२ मुलगे त्याने निवडले आणि त्यांना पेचाच्या गोष्टी सांगितल्या. त्यातली हाइन्झची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. बायको मरणाच्या दारात, औषध एकाच औषधवाल्याकडे, त्याला ते पडतं २०० डॉलरला आणि तो मागतो २,०००. नवऱ्याने इकडून तिकडून १,००० जमवले, औषधवाला ऐकेना, तेव्हा त्याने दुकान फोडलं. बरोबर केलं की चूक?

आता गंमत अशी की "चोरी करावी" म्हटलं म्हणून गुण नव्हते आणि "करू नये" म्हटलं म्हणूनही नव्हते. कोहलबर्ग त्यानंतर "का?" विचारायचा, आणि आलेल्या कारणालाही पुन्हा "का?". बायकोवर प्रेम नसतं तर? मरणारी बाई अनोळखी असती तर? पाळीव जनावर असतं तर? मुलाखत अशी लांबत जायची. पायरी ठरायची ती या खोदकामात काय सापडलं त्यावरून. तुमच्या घरी पाहा, पैसे परत द्यावेत हे तिघांना मान्य आहे, पण कारणं तीन. म्हणजे उत्तराला पायरी नसते, कारणाला असते, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. चुकलात ते पुढे. जेवताना प्रत्येकाचं एकेक वाक्य कानावर पडलं आणि त्यावर शिक्का मारून मोकळ्या झालात. "का?" कुणालाच विचारलं नाहीत.

ज्यांनी टीईटी दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या पायरीवर चूक म्हणजे ज्याची शिक्षा होते ते. दुसरीवर हिशेब देवाणघेवाणीचा असतो, तू माझं कर, मी तुझं करतो. तिसरीवर आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं असणं महत्त्वाचं. चौथीवर कायदा आणि व्यवस्था टिकली पाहिजे, सगळ्यांसाठी सारखी. पाचवीवर माणूस विचारतो की हा कायदा मुळात कुणाच्या संमतीने झाला, आणि तो न्याय्य आहे का. सहावी सर्व माणसांना लागू पडणाऱ्या तत्त्वांची. पण ती प्रत्यक्ष मुलाखतींत इतकी क्वचित सापडली की पुढे गुण देण्याच्या पुस्तिकेतून तिला वगळावं लागलं. तुम्ही जी सहावी पाठ करताय ती खुद्द कोहलबर्गच्या मोजपट्टीवरून उतरलेली आहे!

त्याच मुलांपैकी ५८ जणांच्या मागे तो आणि त्याचे सहकारी वीस वर्षं राहिले, दर तीन-चार वर्षांनी पुन्हा मुलाखत. वयाबरोबर काय बदलतं याचा भक्कम पुरावा तोच. दहाव्या वर्षी पहिल्या-दुसऱ्या पायरीची कारणं भरपूर, ती विशीपर्यंत जवळजवळ आटतात. मधल्या वयात तिसरी फोफावते. तिशी-पस्तिशीत बहुतेकांची कारणं चौथीची, पाचवीची अगदी थोड्यांची. मधली पायरी टाळून कुणी उडी मारलेली दिसली नाही.

तेव्हा धाकट्याची काळजी सोडा. नऊ वर्षांचा मुलगा पोलिसांवर आला तर त्यात नवल नाही. फक्त त्याला भीतीपलीकडे काही कळत नाही असं मात्र समजू नका. एलियट ट्युरिएल या कोहलबर्गच्याच विद्यार्थ्याने आणि इतरांनी दाखवलंय की तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखतात. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात डबा खाल्लेला चालेल का? चालेल. बाईंनी परवानगी दिली तर शेजारच्याला मारलेलं चालेल का? नाही चालणार, त्याला लागतं. हाइन्झची गोष्ट इतकी गुंतागुंतीची की लहान मूल त्यात हरवतं आणि हाताशी असलेलं पोलिसाचं कारण पुढे करतं. तुम्ही त्याला एवढंच विचारा, "पोलीस येणारच नाहीत असं समज, मग ठेवायचे का?" उत्तर ऐकून बघा.

आता थोरली. हा प्रश्न कोहलबर्गलाही नडला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला दिसलं की शाळेत चौथीपर्यंत पोचलेली काही मुलं कॉलेजात गेल्यावर एकदम "सगळं सापेक्ष असतं, ज्याचं त्याचं बरोबर" असं बोलू लागली, म्हणजे दिसायला थेट दुसरी पायरी. सिद्धान्त सांगतो माणूस मागे जात नाही, आणि ही पोरं तर गेलेली! नंतर कारणं बारकाईने पाहिल्यावर फरक सापडला. दुसऱ्या पायरीच्या मुलाला व्यवस्था म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. या मुलांना ती ठाऊक होती, तिच्यातली खोट दिसली होती, आणि तिच्या जागी काय ठेवायचं ते अजून सुचलेलं नव्हतं. त्या जागेला त्याने साडेचारवी पायरी म्हटलं. हसू येईल, पण नाव तेच आहे.

तुमची मुलगी कुठे आहे ते ओळखायला एक प्रश्न पुरेल. तिला विचारा, "तुटीच्या बदल्यात हे ५,४०० ठेवलेत, असं अडतीत मालकासमोर उघड सांगायला तू येशील का?" "गप्प बसा ना, कळणार कुणाला" असं म्हणाली तर ती पळवाट आहे, आणि तिला पळवाटच म्हणा, सतराव्या वर्षी तेवढं सोसतं. पण "हो, येते, आणि तूट कुठल्या नियमाने कापता तेही विचारते" म्हणाली तर ती घसरलेली नाही. नियम कुणी केला, कुणाच्या फायद्यासाठी, आणि ज्याचा माल कापला जातो त्याला त्यात बोलता येतं का, हे पाचवीचे प्रश्न आहेत. सौद्यात मूठ-मूठ बेदाणा उधळलेला तिने लहानपणापासून पाहिला असणार. त्याचा राग चुकीच्या पैशांवर निघालाय. राग खोटा नाही.

आणि सासूबाई. खरं पत्र त्यांच्याबद्दलच आहे, नाही का?

कोहलबर्गच्या त्या ७२ जणांत एकही मुलगी नव्हती. त्याच्याबरोबर हार्वर्डला काम केलेल्या कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये नेमकं यावरच पुस्तक लिहिलं. त्यात अकरा वर्षांची दोन मुलं आहेत, जेक आणि एमी, दोघंही हुशार. जेक म्हणतो, चोरी करावी, जीव पैशापेक्षा मोठा. गणितासारखा सोडवून मोकळा. एमी अडखळते. चोरी केली तर नवरा तुरुंगात जाईल, मग पुन्हा आजारी पडली तर तिच्याजवळ कोण? दोघांनी बसून बोलावं, पैसे उभे करायची दुसरी वाट काढावी, औषधवाल्याला नीट समजलं तर तोही ऐकेल. कोहलबर्गच्या मोजपट्टीवर एमी जेकच्या एक पायरी खाली गेली. गिलिगन यांचं म्हणणं असं की एमीने प्रश्न चुकवला नव्हता. विचारणाऱ्याने विचारलं "चोरी करावी का?" आणि तिला ऐकू आलं "काय करावं?" तिला गोष्टीत दोन हक्कांची टक्कर दिसत नव्हती, एकमेकांशी बांधलेली माणसं दिसत होती. कुणाला इजा होऊ नये, कुणी वाऱ्यावर पडू नये, हेही नैतिकतेचंच माप आहे. न्यायाच्या तराजूत ते मोजायला गेलं की वजन कमी भरतं.

सासूबाईंचं वाक्य आता परत वाचा. बाकीचे तिघे पैशाबद्दल बोलत होते. दिवाणजी नावाचा माणूस फक्त त्यांना दिसला.

पण इथे थांबा. या मुद्द्यावर बायका खूश होतात आणि "आम्ही काळजीवाल्या, पुरुष नियमवाले" असं म्हणून मोकळ्या होतात. पुरावा तसं सांगत नाही. लॉरेन्स वॉकरने १९८४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा कोहलबर्गच्या मोजपट्टीवर बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांत फरकच निघाला नाही. जिथे निघाला तिथे बऱ्याचदा घरी राहणाऱ्या बायकांची तुलना शिकलेल्या, नोकरदार पुरुषांशी केलेली होती. २००० साली ११३ अभ्यासांच्या एकत्रित मांडणीत बायकांचा कल काळजीकडे थोडा जास्त आणि पुरुषांचा न्यायाकडे थोडा जास्त असं दिसलं, पण थोडाच. समोर कोणता पेच आहे यावरही बरंच अवलंबून असतं. तुमच्या यजमानांना पट्टीऐवजी चुलतभावाच्या बांधाचं विचारून बघा. मग ऐका ते "मोजणी म्हणजे मोजणी" म्हणतात, की "त्याचं मन मोडेल, जाऊ दे एक हात" म्हणतात. दुसरं म्हणाले तर रात्रीत एक पायरी उतरले का?

गिलिगन यांची टीका तक्ता पाडू शकली नाही असं मी म्हणेन, पण त्यात एक अख्खी बाजू मोजलीच जात नव्हती हे तिने दाखवलं. सासूबाईंच्या बाबतीत मात्र मला अधिक जवळची वाटते ती दुसरी टीका, संस्कृतीची, आणि ती आपल्या शेजारच्या राज्यातून आली.

जोन मिलर या संशोधिकेने म्हैसूरच्या लोकांना आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या लोकांना सारखेच पेच विचारले. त्यातला एक असा: जिवलग मित्राच्या लग्नाला निघालेल्या माणसाचं पाकीट चोरीला गेलंय, लग्नाच्या अंगठ्या त्याच्याजवळ आहेत, वेळेवर पोचायचं तर स्टेशनवर कुणा अनोळखी माणसाच्या कोटातलं तिकीट उचलण्याखेरीज मार्ग नाही. अमेरिकेत बहुतेकांनी म्हटलं, दुसऱ्याचं तिकीट घेऊ नये. म्हैसूरला बहुसंख्य म्हणाले, अंगठ्या पोचल्याच पाहिजेत. कोहलबर्गच्या तक्त्यात मित्रासाठी काही करणं म्हणजे तिसरी पायरी, लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून. म्हैसूरच्या लोकांच्या बोलण्यात मात्र ते बंधन होतं, चोरी न करण्याइतकंच पक्कं. अमेरिकन माणूस मदतीला "केली तर चांगलं" म्हणतो. आपल्याकडे तिला कर्तव्य म्हणतात, आणि कर्तव्य चुकलं तर दोष लागतो. मात्र जिवावरचा प्रसंग आला की दोन्हीकडची माणसं बरीच जवळ येतात, तेव्हा ही दोन वेगळी जगं आहेत असंही समजू नये.

म्हणून सासूबाईंना विचारायचा प्रश्न असा: "दिवाणजी ओळखीचा नसता, पार सोलापूरकडचा कुणी परका असता, तरी त्याच्याच हातात दिले असते का?" "छे, मग कशाला" म्हणाल्या तर तक्त्याचं खरं, आपल्या माणसांपुरतीच माया. पण "परका असला म्हणून काय, त्याला घर नाही का?" असं म्हणाल्या, आणि माझा अंदाज तोच आहे, तर ती माया ओळखीपाळखीच्या पलीकडची आहे. तत्त्व आहे, फक्त तत्त्वाच्या भाषेत बोललेलं नाही.

ही भाषेची अडचण मोठी आहे. जॉन स्नेरीने १९८५ मध्ये २७ देशांतले ४५ अभ्यास तपासले. पहिल्या चार पायऱ्या जवळजवळ सगळीकडे सापडल्या, तेवढं श्रेय कोहलबर्गला द्यायलाच हवं. पण खेड्यांत, पारंपरिक समाजांत पाचवी जवळपास दिसेना. याचा अर्थ खेड्यात कुणी कायद्यावर प्रश्न विचारत नाही असा घ्यायचा का? तुम्ही सांगली जिल्ह्यात राहता. १९४३ मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ब्रिटिशांची पगाराची रेल्वेगाडी लुटली. ती लूट म्हणायची का, असं कुंडलच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून बघा. लुटलेलं परत घेतलं त्याला लूट कोण म्हणतं, असंच ऐकायला मिळेल. सरकार कुणाचं, त्याला हक्क कुणी दिला, हा पाचवीचा वाद आहे, आणि तो खेड्यापाड्यातल्या माणसांनी घातला होता. मुलाखत घेणाऱ्याच्या कागदावर त्याला जागा नसेल तर दोष कागदाचा.

तरीही संस्कृतीची ढाल करून सासूबाईंना पूर्ण सोडणार नाही मी. "गुपचूप द्या" यात एक भोक आहे. पैसे दिवाणजीच्या हातात गेले, पण अडतीच्या वहीत दोन बॉक्स तसेच राहिले. वर्षअखेर हिशेब जुळला नाही तर पहिला संशय त्याच्यावरच, आणि मग रोख घेतल्याचं त्याला सांगताही येणार नाही. ज्याला वाचवायला निघालो तोच अडकला. काळजीलाही पुढचं पाहावं लागतं, आणि तिथे यजमानांचं "हिशेब म्हणजे हिशेब" उपयोगी पडतं.

तेव्हा रविवारी तासगावला जाल तेव्हा पट्टी बरोबर घ्या. आधी दिवाणजीला बाजूला घेऊन दाखवा, "भाऊ, दोन बॉक्स जास्त धरलेत, तुम्हीच दुरुस्त करून मालकांना सांगा." त्याने स्वतःची चूक स्वतः दाखवली तर पगारातून कापायचा प्रश्नच बहुधा येणार नाही, पैसे परत येतायत म्हटल्यावर मालकाचं नुकसान काय? दुरुस्त पट्टी घ्या, ५,४०० रुपये खात्यावरूनच परत करा. एमी हेच म्हणत होती, दुसरी वाट काढा.

धाकट्याला दुकानात घेऊन जा. त्याला बाजाराची व्यवस्था समजावत बसू नका. कोहलबर्गच्या मंडळींनी वर्गात चर्चा घेऊन पाहिलं होतं, मुलांना स्वतःच्या एक पायरी वरचं कारण भिडतं, दोन-तीन पायऱ्या वरचं डोक्यावरून जातं, आणि तेही महिनोन् महिने बोलावं तेव्हा थोडंसं सरकतं. त्याला एवढंच विचारा, "दिवाणजीकाकांच्या जागी तू असतास तर?"

थोरलीलाही न्या. पैशांचं काम झाल्यावर तुटीचं तिलाच विचारू द्या, मालकासमोर, किती किलोमागे किती आणि कुणी ठरवलं. यजमान जरा अवघडतील. सासूबाई म्हणतील, पोरीच्या जातीने बाजारात तोंड उघडू नये. तेव्हा त्यांना मात्र तुम्ही "का?" विचारा.